शनी दिसेना, म्हणून

सौरमालेचा धडा. रात्री एक वाजेपर्यंत जागून स्लाइड्स केल्या होत्या. काळंभोर आकाश, त्यात शनी, कडी वगैरे, घरच्या लॅपटॉपवर बघताना स्वतःचंच कौतुक वाटलं. सकाळी साडेआठला आठवीच्या वर्गात प्रोजेक्टर लावला तर पडद्यावर पेजेच्या रंगाचं काहीतरी आणि त्यात एक पिवळट डाग. मुलं म्हणाली, "सर, शनी कुठाय?" मी म्हटलं, "तो डाग आहे ना, तोच."

मुख्याध्यापिका बाई दारातून म्हणाल्या, "अहो, ब्राइटनेस वाढवा की." वाढवला, तर डागही गेला.

नंतर कळलं की मेनूतला ब्राइटनेस हा फसवा मामला आहे. पांढरा रंग आधीच टोकाला गेलेला असतो, हे बटण वाढवलं की उजळतात ते काळे भाग. आणि मुळात प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. म्हणजे लेन्सवर झाकण लावून पडदा बघा, तो जसा दिसेल तोच तुमचा काळा. आमचं आकाश पेजेचं का झालं ते झाकण लावल्यावर दोन सेकंदात समजलं, कारण पडदा तसाच पेजेसारखा होता.

मग मोबाईलमध्ये लाइट मीटरचं अ‍ॅप घेतलं आणि स्क्रीन वर्गाकडे करून फोन पडद्याला टेकवला. प्रोजेक्टर बंद असताना 280 लक्स, पांढरी स्लाइड लावल्यावर 780. म्हणजे आमचा पांढरा हा काळ्याच्या तिप्पटसुद्धा नाही! यात शनीने तरी काय करावं.

दोष पडद्याच्या जागेचा. आमच्या वर्गाला पूर्वेला चार खिडक्या आणि पडदा बरोब्बर समोरच्या भिंतीवर. का? तर तिथे जुन्या नकाशाचा खिळा होता आणि प्लग पॉइंटही तिथेच, बास एवढाच विचार. सकाळचं सगळं ऊन प्रोजेक्टरच्या आधी पडद्यावर हजर. शिपाई मामा म्हणाले, मग खिडक्यांच्याच भिंतीला लावू, तिथे ऊन पडत नाही. बरोबरच होतं, लावला, पण आता पोरांच्या डोळ्यांत थेट सूर्य, पडद्याकडे बघणारा एकेक जण आंबट चिंच खाल्ल्यासारखा. शेवटी फळ्याच्या भिंतीवर, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात लावला, खिळा मामांनी ठोकला आणि एक्स्टेंशन बोर्ड प्रयोगशाळेतून पळवला. त्याच्या डोक्यावरची एकच ट्यूब बंद केली, मागच्या चालू ठेवल्या कारण पोरांना वहीत लिहायचं असतं, आणि पूर्ण अंधारात आठवी काय करते ते मला माहितीय. झाकण लावून मोजलं तर 90 लक्स.

दुसरं म्हणजे माझी हाव. आठ फूट रुंद चित्र हवं, जत्रेतल्या सिनेमासारखं. पण उजेड तेवढाच आणि पसरायला जागा जास्त, चहात पाणी वाढवल्यासारखं होतं ते. प्रोजेक्टर पुढे सरकवून चित्र सहा फुटांवर आणलं की त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं आणि तोच उजेड पावणेदोन पट घट्ट पडतो. चित्राची उंची साडेचार फूट उरली, शेवटचं बाक चोवीस फुटांवर, म्हणजे उंचीच्या सहापटीच्या आत, तिथून अक्षर वाचता येतं (मी स्वतः त्या बाकावर बसून बघितलं, खाली च्युइंगमचं संग्रहालय आहे).

मग सेटिंग. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट दोन्ही मूळ जागेवर आणले. इको मोड चालू होता, दिव्याचं आयुष्य वाचवायला कुणीतरी ठेवलेला, तो बंद केला. पंखा जरा गुरगुरतो पण चालतंय. डायनॅमिक मोड लावून पाहिला, उजेड सगळ्यात जास्त, पण त्यात हिरवा भसाभस असतो, शनी कच्च्या कैरीसारखा दिसला. अक्षरांच्या स्लाइडला डायनॅमिक चालेल, ग्रहांना नको, म्हणून प्रेझेंटेशन मोडवर थांबलो. स्लाइड्सही बदलल्या, मजकूर असेल तिथे पांढऱ्यावर काळी अक्षरं, काळं आकाश फक्त जिथे ग्रह आहेत तिथेच.

पुन्हा फोन टेकवला. पांढऱ्यावर जवळपास 1250, म्हणजे काळ्याच्या चौदा पट. आकाश अजून डांबरासारखं नव्हतं, गडद राखाडी म्हणा, पण कडी दिसली! कड्यांमधली फट दिसली! मागून एक जण "आयला" म्हणाला आणि मी ऐकलंच नाही.

बाई पाहून इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, "सर, शनिवारी पालक मेळाव्यात हेच लावा, मैदानावर, मंडपात, अकरा वाजता."

मंडप पांढऱ्या कापडाचा. शुक्रवारी अकरा वाजता जाऊन खांबाला फोन टेकवला. आठ हजार लक्स.

मी शनीच्या साठ रंगीत प्रिंट काढायला सांगितल्यात.