एकवीस मोदक मागितले, त्याची शिक्षा

चॅटवर ऑर्डर घेताना विक्री वाढवायची आहे ना? मग पहिला नियम लिहून ठेवा: गिऱ्हाईक जे मागतंय ते सोडून बाकी सगळ्याबद्दल बोला.

मी परवा ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकून, एका मोदकवाल्यांना एका हाताने टाइप केलं, "संकष्टीला 21 उकडीचे मोदक मिळतील का? संध्याकाळी 6 पर्यंत, मुलुंडला." यावर 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलंत तर धंदा बुडेल. म्हणून आधी "वेलकम सर" पाठवा. मग चौदा फोटो. मग कॅटलॉगची लिंक. दादर येईपर्यंत मला त्यांच्या खोबऱ्याच्या वडीचे तीन रंग पाठ झाले होते, पण मोदक मिळणार की नाही, ते कळलं नव्हतं.

सूचना नेहमी असंबद्ध असावी. मोदकांबरोबर चकली.

गिऱ्हाईक "नको" म्हणालं, तर ते लाजतंय असं समजा. हे कौशल्य फार मोलाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी लिहिलं, "फक्त मोदक." उत्तर आलं, "तूप तरी घ्या सर." मी लिहिलं, "घरी आहे." उत्तर आलं, "आमचं वेगळं आहे." मी गप्प. मग, "शेवटच्या 2 बाटल्या." मी अजून गप्प, कारण तेव्हा कुर्ल्याची गर्दी आत घुसत होती. मग हात जोडलेल्या इमोजीसकट, "बाप्पासाठी एवढंही नको का सर?" म्हणजे तूप नाकारलं तर मी नास्तिक! पाच मिनिटांत माझ्या भक्तीचा हिशेब एका 100 ग्रॅमच्या बाटलीवर आला. आणि ती 'शेवटची' बाटली रात्री त्यांच्या स्टेटसवर पुन्हा 'शेवटची' होती.

बिलाची खुबी तर विसरूच नका. 40 रुपयांचा एक, म्हणजे 21 मोदकांचे 840. मला आकडा आला 1290. विचारलं तेव्हा कळलं, तूप 120, वडी 240 आणि गिफ्ट बॉक्स 90 "सगळेच घेतात म्हणून" टाकलेत. नको असेल तर काढून देऊ, म्हणाले. मी न घेतलेली वस्तू मी विनंती करून काढून घ्यायची!

अहो, पुरे करा आता. याला सुचवणं म्हणत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांची यादीच काढली आहे. न विचारता टोपलीत माल टाकणं, खोटी घाई करणं, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणं, पुन्हा पुन्हा डोकं खाणं, हे चारही त्यात आहे. तुम्ही एका संकष्टीत चारही करून दाखवलेत.

तूप विकायला काय लागतं, ते डोंबिवलीच्या एका ताईंकडून शिका. गेल्या महिन्यात त्यांनी मला लिहिलं होतं, "21 मोदक, संकष्टीला संध्याकाळी 6 वाजता, 840 रुपये. नक्की केले. सोबत तूप हवं का? 100 ग्रॅम 120. नको असेल तर फक्त पत्ता पाठवा." बघा, आधी माझी ऑर्डर पक्की केली, मगच विचारलं. वस्तू एकच, मोदकावर ओतायचीच. किंमत आधीच सांगितलेली, आणि मोदकांच्या किमतीचा सातवा हिस्सा, त्यामुळे विचार करत बसावं लागत नाही. तूप बरणीत तयार असतं, म्हणून मी हो म्हटलं तरी त्यांचा गॅस अडकत नाही. त्याच संध्याकाळी पुरणपोळ्या सुचवल्या असत्या तर मोदकच उशिरा आले असते. शिवाय विचारलं पैसे पाठवायच्या आधी, त्यामुळे दोनदा पैसे पाठवायची कटकट नाही. आणि 'नको' लिहायचीसुद्धा गरज ठेवली नाही! मी नुसता पत्ता पाठवला. त्यांनी तुपाचं नाव पुन्हा काढलं नाही.

तुम्हाला जमतंय की नाही, हे कळायला गणित लागत नाही. विचारल्यावर माणूस जर एका शब्दात उत्तर द्यायला लागला, किंवा निळ्या टिका दिसूनही ऑर्डरच अर्धवट सोडून गेला, तर तूप राहू द्या, तुमचे मोदकही गेले. दहातले दोघे-तिघे हो म्हणाले आणि बाकीचे पुढच्या महिन्यात परत आले, तर बरं चाललंय.

या वेळी ताईंची ऑर्डर बंद झाली होती, म्हणून मी तुमच्या वाटेला गेलो. शेवटी 840 पाठवून मोदक घेतले. पुढच्या संकष्टीचे ताईंकडे आजच सांगून ठेवलेत, 100 ग्रॅम तुपासकट. मीच मागितलं.

हे लिहीत असताना तुमचा मेसेज आलाय, "सर, वडीचं काय ठरलं?"