माजिवड्याचा पूल आणि अंधारलेला पडदा

आज मोबाइलच्या दुकानात गेलो आणि डोकं फिरवून बाहेर आलो. पोरगा म्हणतो, "काका, कॅमेरा बघा, १०८ मेगापिक्सेल!" अरे बाबा, मी टॅक्सी चालवतो, लग्नाचे फोटो नाही काढत.

मला नवा फोन हवाय तो मे महिन्यातल्या त्या दुपारमुळे. घोडबंदरवरून येत होतो. मागे एक मावशी, दवाखान्यात नवऱ्याचा डबा घेऊन निघालेल्या. माजिवड्याला पुलाच्या तोंडाशी आलो आणि फोनचा पडदा अंधारला, नकाशा दिसेना. खालून जायचं होतं, चढलो पुलावर.

फोन बिघडला नव्हता, तापला होता. जास्त तापला की फोन स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो, चार्जिंगही थांबवतो. मी काय केलं होतं? काचेखाली, थेट उन्हात स्टँड, वर जाड कव्हर. आता स्टँड एसीच्या जाळीवर लावलाय, कव्हर काढलंय. तोच फोन, तेवढा तापत नाही. आधी हे करा, मग दुकानात जा.

आणि ते १२० वॉटचं चार्जिंग! ते बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या चार्जरवरच मिळतं, आणि जितकं जोरात चार्जिंग तितका फोन गरम. गाडीतल्या साध्या यूएसबीतून मात्र कधीकधी अर्धा अँपिअरच येतो, म्हणजे अडीच वॉट. नकाशा चालू, उजेड फुल्ल, की वायर लावलेली असूनही बॅटरी उतरते. लायटरच्या सॉकेटमध्ये १८-२० वॉटचा चांगला चार्जर बसवा, पुरतो.

पोराचं एक खरं, ओएलईडी पडदा उन्हात बरा दिसतो. पण डब्यावरचा उजेडाचा मोठा आकडा बहुतेक वेळा पडद्याच्या छोट्याशा तुकड्यापुरता असतो. नकाशा तर पडदाभर पांढरा! म्हणून म्हटलं, फोन बाहेर उन्हात घेऊन बघू दे, ऑटो ब्राइटनेस चालू ठेवून, कारण बऱ्याच फोनमध्ये उन्हातला जादा उजेड तेव्हाच मिळतो. तर म्हणे, "बाहेर नाही नेता येणार." मग कसला विकतोस?

रेंजचंही तापण्याशी नातं आहे. सिग्नल कमजोर झाला की टॉवर धरून ठेवायला फोन जास्त जोर लावतो. माझा त्या दिवशी सारखा ५जी-४जी उड्या मारत होता. आता ४जीवरच ठेवतो, आणि ठाणे ते पनवेलचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवलाय. जीपीएसला नेट लागत नाही. ट्रॅफिक दिसत नाही तेव्हा, मान्य. पण वळण तरी दिसतं. पुलाखाली की पुलावर हे मात्र जीपीएसलाही नीट कळत नाही, तिथे आपले डोळेच.

मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. वळसा घालून पोहोचवलं, तर जादा पैसे काढायला लागल्या. मी घेतले नाहीत. डबा गार झाला असणार, तेवढंच डोक्यात होतं.

उद्या दुपारी एकला दुसऱ्या दुकानात जातो. भर उन्हात.