कीवर्ड नीट लावले की सगळं सापडतं? लाल विंचवाच्या पेपरांचं उदाहरण

“कीवर्ड नीट निवडले, तीन-चार डेटाबेस शोधले की लिटरेचर रिव्ह्यूचं काम संपलं. पेपरांच्या संदर्भसूच्या चाळत बसणं हे इंटरनेटच्या आधीचं खूळ आहे. त्यात फुकट वेळ जातो, आणि ही पद्धत पक्षपाती असल्यामुळे सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत चालत नाही.”

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. प्रबंधासाठी शोध घ्यायला आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांशेजारी बसणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. वरचा मजकूर त्यातल्या बऱ्याच जणांनी खरा मानलेला असतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

आधी कीवर्ड. आपल्या कोकणातलाच विषय घेऊ: लाल विंचवाचा दंश आणि त्यावर प्राझोसिन. या विंचवाच्या विषाने शरीरातली अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध इथे वापरलं आणि १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल छोटंसं पत्र लिहिलं. पुढचे उपचार ज्याच्या आधारावर उभे राहिले, ते हे लिखाण. आता एखादा विद्यार्थी अगदी शहाण्यासारखा, विंचवाचं शास्त्रीय नाव घालून पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसमध्ये हे टाकतो:

```
"Mesobuthus tamulus"[tiab] AND prazosin[tiab]
```

यात ते पत्र येत नाही. `[tiab]` म्हणजे फक्त शीर्षक, सारांश आणि लेखकांनी दिलेले कीवर्ड. अशा जुन्या पत्राला सारांश आणि कीवर्ड नसतात, आणि या पत्राच्या शीर्षकात प्राझोसिन आहे, ‘स्कॉर्पिऑन स्टिंग’ही आहे, पण विंचवाचं शास्त्रीय नाव नाही. असा शोध नुसती अक्षरं जुळवतो. विषय त्याला कळत नाही.

नाव बदलून पाहू म्हटलं तर तिथेही गुंता आहे. हाच विंचू जुन्या पेपरांत ब्युथस टॅम्युलस आहे, नंतर मेसोब्युथस झाला आणि आता वर्गीकरणवाले त्याला हॉटेनटोट्टा म्हणतात. औषधांच्या बाजूलाही तेच. प्रतिविषाला कुणी अँटिव्हेनम म्हणतं, कुणी अँटिव्हेनिन, आपल्याकडचे डॉक्टर ‘अँटी-स्कॉर्पिऑन व्हेनम सीरम’ लिहितात. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आली, तिच्या शीर्षकात शब्द आहे ‘सेरोथेरपी’. विषय माहीत नसताना हे सगळे शब्द आधीच सुचणार कुणाला? शब्द कळतात पेपर वाचल्यावर, आणि पेपर सापडायला शब्द हवेत.

यावर मुलं म्हणतात, “मॅडम, मग नुसतं ‘स्कॉर्पिऑन’ टाकतो.” जरूर टाका. पत्र सापडेल, पण त्याच्याबरोबर विषातली प्रथिनं आणि पेशींच्या आयन-वाहिन्या यांवरचे प्रयोगशाळेतले पेपर हजारोंनी येतील. म्हणून जो तो अटी वाढवत जातो, आणि वाढवलेल्या अटीपायी नेमकं हवं ते बाहेर राहतं.

तेच पत्र दुसऱ्या वाटेने शोधून बघा. वरच्या शोधात बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातली २०११ ची चाचणी पहिल्या फटक्यात येते: ७० रुग्ण, नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक प्रतिविष. तिच्या संदर्भसूचीतून मागे गेलं की १९८६ चं पत्र मिळतं. त्याही मागे १९८२ चा बावसकरांचा लॅन्सेटमधला लेख आहे, लाल विंचवाच्या दंशात हृदयावर दिसणाऱ्या पूर्वलक्षणांचा. तो प्राझोसिनच्या आधीचा, त्यामुळे ‘प्राझोसिन’ शब्दाने तो कधीच हाती लागला नसता. पण औषधाआधी रुग्णांचं काय होत होतं हे माहीत नसेल, तर औषधाने काय बदललं हे सांगणार कशाच्या जोरावर? एवढं झालं की १९८६ च्या पत्रावर उभं राहून पुढे पाहायचं. गूगल स्कॉलरवर त्याखाली `Cited by` असतं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्येही ही सोय आहे. त्या यादीतल्या लेखकांनी विंचवाला कोणत्याही नावाने हाक मारलेली असो, पत्राचा उल्लेख केलाय एवढं पुरतं. एका पेपरपासून असं मागे-पुढे जाण्याला स्नोबॉलिंग म्हणतात.

आता ‘इंटरनेटच्या आधीचं खूळ’. २००१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावरच्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचं औषध हुंगायला दिलं गेलं. त्यातली २४ वर्षांची तरुणी फुप्फुसं निकामी होऊन वारली. संशोधकाने शोध घेतला होता, पबमेडही पाहिलं होतं. त्या वेळी पबमेड १९६६ च्या मागे जात नव्हतं. या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे पेपर १९५० च्या दशकातले होते, आणि नंतरच्या लिखाणात त्यांचे संदर्भ दिलेले होते. त्या प्रकरणात चुका एवढ्याच नव्हत्या, शोध नीट झाला असता तर मृत्यू नक्की टळला असता असं मी म्हणणार नाही. पण डेटाबेसला सुरुवातीचं साल असतं आणि संदर्भसूचीला ते नसतं, हे त्यातून कायमचं लक्षात राहावं. आज पबमेड १९४० च्या दशकापर्यंत मागे जातं, तरी त्या जुन्या नोंदींना बहुधा सारांश नाही. म्हणजे पुन्हा विंचवाच्या पत्राचीच गत.

वेळेबद्दल मोजलेले आकडे आहेत. आरोग्यसेवेत नवे उपक्रम कसे रुजतात, या पसरट विषयाच्या रिव्ह्यूनंतर लंडनच्या दोन संशोधकांनी २००५ मध्ये बीएमजेत हिशेब मांडला. रिव्ह्यूत शेवटी घेतलेले ४९५ स्रोत कुठून आले? आधी ठरवलेल्या शोधातून, म्हणजे डेटाबेस आणि नियतकालिकं हाताने चाळणं यातून, ३० टक्के. स्नोबॉलिंगमधून ५१ टक्के. ओळखीपाळखी आणि स्वतःच्या माहितीतून २४ टक्के. काही स्रोत एकाहून अधिक वाटांनी आले, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. डेटाबेसमध्ये एक उपयोगी पेपर मिळायला सरासरी ४० मिनिटं लागली, संदर्भांच्या मागावर १५. हाताने नियतकालिकं चाळताना मात्र एका पेपरमागे नऊ तास गेले. ‘फुकट वेळ’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा ही शेवटची गोष्ट असते आणि नाव स्नोबॉलिंगचं घेतलं जातं.

हे आकडे सरसकट सगळीकडे लावू नका. त्यांचा विषय अनेक शाखांत विखुरलेला होता, शब्द पक्के नव्हते. एकच नवं औषध, एकच आजार, गेल्या दहा वर्षांतल्या चाचण्या असा नेमका प्रश्न असेल, तर डेटाबेस बरंच काही देईल आणि स्नोबॉलिंगमधून थोडीच भर पडेल.

पक्षपाताचा मुद्दा मात्र मी झटकून टाकत नाही, त्यात तथ्य आहे. औषध लागू पडलं असं सांगणाऱ्या पेपराचे संदर्भ जास्त दिले जातात, लागू पडलं नाही म्हणणारे मागे पडतात. शिवाय संशोधकांचे गट आपापल्यातच संदर्भ देतात. फक्त महाडच्या पेपरांपासून निघालात तर प्राझोसिनभोवतीच फिरत राहण्याचा धोका आहे. म्हणून सुरुवातीचे पेपर मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणचे घ्यायचे: महाडची २०११ ची चाचणी, ट्युनिशियाची १९९९ ची (तिथे प्रतिविषाचा फायदा दिसला नव्हता), आणि अ‍ॅरिझोनात मुलांवर झालेली २००९ ची (तिथे दिसला). विंचू वेगळे, निष्कर्ष वेगळे, संदर्भसूच्याही वेगळ्या. आणि हे पेपर आणायचे कुठून? डेटाबेसमधूनच. डेटाबेस बंद करा असं कुणीच म्हणत नाहीये.

‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत चालत नाही’ हे तर सरळ चूक. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कसा मांडायचा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० या नियमावलीच्या प्रवाहचित्रात डेटाबेसखेरीज इतर मार्गांसाठी वेगळा रकाना आहे, त्यात संदर्भशोधाचं नाव घालून जागा दिली आहे. अट एवढीच की नोंद ठेवलेली असावी. मी मुलांना साधी एक्सेल शीट करायला लावते. कोणत्या पेपरपासून निघालो, मागे की पुढे, कुठल्या साधनात आणि कोणत्या तारखेला, किती शीर्षकं पाहिली, किती पूर्ण वाचली, किती घेतली आणि बाकीची का सोडली. तारीख महत्त्वाची, कारण `Cited by` चा आकडा वाढत असतो. नवा पेपर निकषात बसला तरच त्याच्यापासून पुढची फेरी, नाहीतर पसारा आवरत नाही.

मागे जाताना नुसती शेवटची यादी वाचू नका. मजकुरात तो संदर्भ कुठल्या वाक्याला जोडलाय ते बघा, कारण ‘फुप्फुसात पाणी’ या वाक्याशेजारचा संदर्भ शीर्षकावरून रटाळ वाटला तरी कामाचा असू शकतो. आणि मूळ पेपर उघडल्याशिवाय घेऊ नका. एकाने चुकीचं साल लिहिलं की पुढचे तसंच उतरवतात. मग तो पेपर डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या नोंदी होऊन बसतो आणि पुढचा शोध अर्धाच दिसतो. जुन्या पत्राला संदर्भ विचित्र वाटावेत इतके कमी दिसले, तर मी साल आणि पान थोडं बदलून पुन्हा शोधते.

थांबायचं कधी? एका पूर्ण फेरीत निकषात बसणारा एकही नवा पेपर मिळाला नाही की. त्याआधी एक चाचणी करून पाहायची. विषयातले तीन-चार चांगले पेपर मार्गदर्शकांकडून घ्यायचे, ते पाकिटात बाजूला ठेवायचे, सुरुवातीला वापरायचे नाहीत. फेऱ्या संपल्यावर पाकीट उघडायचं. चारही आपल्या शीटमध्ये आधीच असतील तर ठीक. एखादा नसेल तर त्याचीच संदर्भसूची उघडायची. यादीत आपल्या शीटमधलं एकही नाव नसेल, तर तो एक वेगळाच गट आहे, आणि पुढची फेरी तिथून.