खुलासा : ‘३ टक्क्यांनी वाढ’ की ३ टक्केबिंदूंची?

“गुणांक ०.०३ आला, म्हणजे नोकरी मिळण्याची शक्यता ३ टक्क्यांनी वाढली.”

प्रशिक्षणाच्या परिणामावरील माझ्याच टिपणातील हे वाक्य सध्या फिरते आहे आणि ते चुकीचे आहे. परिणाम ‘नोकरी मिळाली की नाही’ असा ० किंवा १ मध्ये नोंदवून साधे रेषीय प्रतिमान वापरले, तर गुणांक शक्यतेतला थेट फरक सांगतो, म्हणजे ०.०३ ही ३ टक्केबिंदूंची वाढ ठरते.

प्रशिक्षण न घेतलेल्यांपैकी १२ टक्क्यांना आणि घेतलेल्यांपैकी १५ टक्क्यांना नोकरी मिळाली, असे समजा. फरक ३ टक्केबिंदूंचा आहे. पण ३ भागिले १२ केले, तर मूळ प्रमाणाच्या तुलनेत ही वाढ २५ टक्के होते. वाढ खरोखर ३ टक्के असती, तर १२ चे १२.३६ झाले असते, १५ नव्हे. शंका आली की हा गुणाकार करून पाहावा, चूक लगेच उघडी पडते.

गुणांक थेट टक्क्यांत वाचण्याची ही सवय बहुधा उत्पन्नाचा लॉग घेतलेल्या प्रतिमानांतून येते, कारण तिथे ०.०३ चा अर्थ साधारण ३ टक्के असाच होतो. (माझेही तेच झाले.) लॉजिस्टिक प्रतिमानाच्या गुणांकाला मात्र यांपैकी कोणतेच वाचन थेट लागू होत नाही.

जुने वाक्य कृपया पुढे पाठवू नये. उद्धृत केले असल्यास तिथे ‘३ टक्केबिंदू’ अशी दुरुस्ती करून सोबत प्रशिक्षण न घेतलेल्यांचे मूळ प्रमाणही द्यावे.