ठेवी घटल्या तरी शाखा हिरवीच

ठाणे-नवी मुंबईच्या शाखांचा दर महिन्याचा रिव्ह्यू ज्या टार्गेट-अ‍ॅक्च्युअलच्या तक्त्यावर होतो, त्यातला ठेवींच्या ओळीतला हिरवा रंग मी मनावर घेणं सोडून दिलंय.

समजा, नेरूळ शाखेत ३१ मार्चला ८० कोटींच्या ठेवी होत्या. वर्षाचं टार्गेट ९२ कोटी, म्हणजे महिन्याला एक कोटीची वाढ. जुलैअखेर ८४ हव्यात, झाल्या ८१. तक्ता ८१ भागिले ८४ करतो, ९६ टक्के काढतो आणि ९५च्या वर म्हणून खण हिरवा करतो. शाखाधिकारी निश्चिंत, साहेब पुढच्या ओळीवर. पण चार महिन्यांत चार कोटी आणायचे होते आणि आला एक! बाकीचे ८० आधीचेच.

याहून गंमत पुढे आहे. ८४चे ९५ टक्के म्हणजे ७९ कोटी ८० लाख. मार्चपेक्षा वीस लाखांनी ठेवी घटल्या तरी शाखा हिरवीच राहणार. लाल व्हायला ८५ टक्क्यांच्या खाली जायचं, तर साडेआठ कोटींहून जास्त ठेवी निघून जायला हव्यात. एवढं झाल्यावर रंग बघायला कोण थांबतंय?

मोजायची असते ती वाढ. B मध्ये मार्चअखेरचा आकडा, C मध्ये आजपर्यंतचं टार्गेट, D मध्ये प्रत्यक्ष:

```
=(D2-B2)/(C2-B2)
```

नेरूळचे आता २५ टक्के येतात आणि खण लाल होतो. हेच सूत्र एनपीएलाही चालतं, ते मला फार आवडतं. ५ टक्क्यांवरून ४वर आणायचा होता आणि साडेचारवर आला, तर उत्तर ५० टक्के. जुन्या पद्धतीने साडेचार भागिले चार केलं की ११२.५ टक्के येतात, आणि वसुलीत मागे पडलेली शाखा हिरवीगार दिसते. मात्र टार्गेट ‘आहे तेवढंच टिकवा’ असेल तर इथे #DIV/0! येणार, त्या ओळीला रंगाचा नियम वेगळाच लावावा लागतो.

“असं केलं तर एप्रिलमध्ये सगळ्याच शाखा लाल होतील,” ही शाखाधिकाऱ्यांची तक्रार खरी आहे. मार्च एन्डला पार्ट्यांकडून आणलेला पैसा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत जातो, आणि फुगलेला आकडा B मध्ये बसलेला असतो. म्हणून B मध्ये ३१ मार्चची शिल्लक न घेता मार्चची रोजची सरासरी शिल्लक घ्यावी, आणि D मध्येही त्या-त्या महिन्याची सरासरीच. सीबीएसमधून ती निघते, फक्त कोणीतरी मागावी लागते. पट्टेही बदलावे लागतील: वाढीच्या हिशेबात ९५चा हट्ट चालत नाही. मी ९०च्या वर हिरवा आणि ६०च्या खाली लाल ठेवीन, आणि ते एप्रिलमध्येच लिहून सगळ्यांना कळवीन. नाहीतर डिसेंबरात कोणीतरी पिवळ्याचा पट्टा गुपचूप रुंद करतोच.