मधल्या दिवसांचं व्याज बुडत नाही

"१५ जानेवारीला सहामाही व्याजाचं कूपन जमा झालं, २६ मार्चला सरकारी रोखा विकला. मधल्या दिवसांचं व्याज बुडालं का?"

नाही हो, ते खरेदीदार तुम्हाला विकतानाच देतो. धरा, रोखा ७.२० टक्क्यांचा, दर्शनी मूल्य १ लाख, भाव दर शंभरामागे १०१.२० रुपये. स्क्रीनवरच्या या भावात व्याज नसतं. सौदा २६ला झाला तरी पैसे आणि रोख्यांची अदलाबदल दुसऱ्या दिवशी, म्हणून व्याज २७ मार्चपर्यंत मोजायचं. सरकारी रोख्यांत प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात. म्हणजे दोन महिने बारा दिवस, एकूण ७२. लीप वर्ष नसताना कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलंत तर ७१च भरतील आणि दलालाशी उगाच वाद होईल (फोर्टात नोकरी करताना असे वाद बरेच ऐकलेत!). व्याज झालं १,४४० रुपये. हाती १,०१,२०० अधिक १,४४०, म्हणजे १,०२,६४० रुपये, दलाली वगैरे वेगळी. जुलैचं पूर्ण ३,६०० रुपयांचं कूपन खरेदीदाराला मिळेल, पण त्यातले १,४४० त्याने तुम्हाला आधीच मोजलेले असतील.

शेअर बाजारात डीमॅटवरून विकायच्या कंपन्यांच्या कर्जरोख्यांचं, म्हणजे एनसीडींचं मात्र वेगळं आहे. तिथे भावातच व्याज मुरलेलं असतं, आणि ज्या दिवसापासून घेणाऱ्याला ते व्याज मिळत नाही ती एक्स-डेट आली की भाव साधारण तेवढाच खाली येतो. तिथल्या सौद्याच्या पावतीवर व्याजाची वेगळी ओळ शोधू नका.