प्रोटीन शेक आणि अर्ध्या तासाची घाई

«व्यायाम संपला की फक्त तीस मिनिटं अ‍ॅनाबॉलिक विंडो उघडी असते. तेवढ्यात प्रोटीन शेक घेतला नाही तर स्नायू तुटायला लागतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे संशोधनाने सिद्ध झालंय. दिवसभर काय खाता, तो नंतरचा प्रश्न.»

जिममध्ये ऐकू येणारा हा सल्ला एकेक मुद्दा घेऊन तपासू. अ‍ॅनाबॉलिक विंडो म्हणजे व्यायामानंतर स्नायू बांधले जाण्याचा अनुकूल काळ. पहिला मुद्दा या वेळेचा. वजने उचलल्यानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिने बांधण्याचा वेग वाढतो आणि तो किमान चोवीस तास, नवख्या माणसात तर जवळपास अठ्ठेचाळीस तास वाढलेला राहतो. या काळात घेतलेल्या प्रत्येक जेवणातील प्रथिनांचा स्नायूंना नेहमीपेक्षा अधिक उपयोग होतो. हा प्रतिसाद सुरुवातीला तीव्र असतो आणि हळूहळू ओसरतो, एवढे मान्य केले तरी तिसाव्या मिनिटाला काही बंद होते असे कोणत्याही मोजमापात दिसलेले नाही.

स्नायू तुटण्याच्या भीतीत मात्र सत्याचा अंश आहे. पूर्ण उपाशीपोटी व्यायाम केल्यास नंतरही स्नायूंची झीज बांधणीपेक्षा जास्त राहते आणि अमिनो आम्ले मिळाल्याशिवाय हे पारडे फिरत नाही. पण संध्याकाळी जिमला जाणारा माणूस उपाशी असतोच कुठे? मिश्र जेवण पचून त्यातील अमिनो आम्ले रक्तात उतरण्याचे काम कित्येक तास चालते. साडेचार-पाचला दोन अंडी किंवा वाटीभर उसळ खाऊन सहाला व्यायाम सुरू केला, तर सातला शेकरचे झाकण उघडण्याआधीच स्नायूंना कच्चा माल मिळू लागलेला असतो. रात्री नऊला जेवून पहाटे सहाला काहीही न खाता व्यायाम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने नंतरचा नाश्ता दुपारवर ढकलू नये. घाई करण्यासारखी हीच एक परिस्थिती, आणि तिथेही मिनिटे मोजायची गरज नाही.

आता 'सिद्ध झालंय' याविषयी. या समजुतीला मोठा आधार मिळाला तो 2001 सालच्या एका डॅनिश प्रयोगातून. त्यात सत्तरी ओलांडलेल्या अवघ्या 13 पुरुषांनी बारा आठवडे व्यायाम केला. एका गटाला दहा ग्रॅम प्रथिने व्यायामानंतर लगेच दिली, दुसऱ्याला दोन तासांनी. लगेच घेणाऱ्यांचे स्नायू वाढले, उशिरा घेणाऱ्यांचे वाढले नाहीत. खटकण्यासारखी गोष्ट ही की इतके आठवडे वजने उचलल्यावर पूरक आहार न घेणाऱ्या वृद्धांचेही स्नायू सहसा थोडेफार वाढतात, त्यामुळे तो निकाल वेळेपेक्षा छोट्या गटातील योगायोगाचा असण्याची शक्यता अधिक वाटते.

पुढे 2013 मध्ये शोनफेल्ड, अ‍ॅरागॉन आणि क्रीगर यांनी अशा वीसहून अधिक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. वरवर पाहता व्यायामाच्या आसपास प्रथिने घेणाऱ्यांच्या स्नायूंत थोडी जास्त वाढ दिसली. पण त्यातील बऱ्याच प्रयोगांत शेक घेणारा गट दिवसभरात एकूणच जास्त प्रथिने खात होता: वजनाच्या दर किलोमागे सरासरी सुमारे 1.7 ग्रॅम, तर दुसरा गट सुमारे 1.3 ग्रॅम. हा फरक हिशेबात धरताच वेळेचा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे श्रेय जे घड्याळाला दिले गेले, ते ताटाचे होते.

म्हणूनच दिवसभराचा प्रश्न आधीचा ठरतो. 2018 मधील एका मोठ्या विश्लेषणानुसार वजन-व्यायाम करणाऱ्यांना दर किलोमागे रोज सुमारे 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा मिळतो आणि पुढे तो सरासरीने थांबतो. सत्तर किलोच्या शाकाहारी तरुणासाठी हे 112 ग्रॅम झाले. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हा आकडा स्वतःला लावू नये.) त्याचा नेहमीचा दिवस पाहा. सकाळी पोहे आणि चहा, सहा ग्रॅम. दुपारी चार पोळ्या, वाटीभर वरण, भाजी आणि दही, साधारण 24. रात्री तीन पोळ्या, मटकीची उसळ आणि थोडा भात, 21. बेरीज 51. त्याने व्यायाम संपताच प्रोटीन पावडरचा एक स्कूप घेतला तर 24 ग्रॅम वाढून 75 होतात, आणि तोच स्कूप रात्री नऊला घेतला तरी 75च होतात. उरलेली 37 ग्रॅमची तूट दोन्हीकडे तशीच राहते. दुपारच्या भाजीत पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या घातल्या तर सुमारे 26 ग्रॅम मिळतात आणि पोह्यांसोबत मोठा पेला दूध व मूठभर शेंगदाणे घेतले तर आणखी पंधराएक. तूट भरली, आणि प्रथिने एका जेवणावर न लादता तिन्ही वेळांत बऱ्यापैकी विभागलीही गेली.

व्यायामानंतर लगेच शेक घेणे सोयीचे वाटत असेल तर खुशाल घ्यावा. त्याने अपाय काही नाही. घरी जाऊन तासाभरात जेवायचे असेल, तर पावडरच्या डब्यावरचा खर्च आधी त्या जेवणातल्या डाळीवर, पनीरवर किंवा अंड्यांवर करून पाहावा.